उत्तर १ लाख २० हजार किलोमीटर आलं? संच परत पाठवायच्या आधी हे वाचा

दांड्याच्या सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजायचा संच आम्ही विकतो, आणि दर डिसेंबरात आणि मार्चमध्ये आमच्याकडे एकच फोन वीसवेळा येतो. सावली नीट मोजली, दांडा ओळंब्यात होता, तरी पृथ्वीचा घेर भलताच आला, संच खराब दिसतोय, बदलून द्या. मागच्या खेपेला एका शाळेचे सर होते, त्यांनी मुंबईत मोजलं, त्यांच्या मेहुण्यांनी नागपुरात, आणि घेर आला १ लाख २० हजार किलोमीटर. म्हणजे खऱ्याच्या तिप्पट! सर चिडलेले होते, आणि दोन्हीकडचे आकडे आम्ही मागवून बघितले तर सावल्या अगदी बरोबर होत्या. चूक अंतरात होती. दहातले आठ लोक तिथंच फसतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पद्धत थोडक्यात, तुम्हाला माहीत असेलच. इजिप्तमध्ये सायीन म्हणजे आजचं आस्वान, तिथं उन्हाळ्यात सूर्य सर्वात उंच असतो त्या दिवशी माध्यान्हीला सावलीच पडत नाही, आणि त्याच दिवशी उत्तरेला अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश. दोन गावांमधलं अंतर ५००० स्टेडिया, म्हणजे तेव्हाच्या लांबीच्या मापात, गुणिले ५०, झाले अडीच लाख स्टेडिया. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलं. त्याचा स्टेडियम नक्की किती मीटरचा यावर अजून वाद आहे, त्यामुळे "तो किती बरोबर होता" हा प्रश्न आम्हाला विचारू नका. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती, की अलेक्झांड्रिया सायीनच्या सरळ उत्तरेला आहे. खरंतर ते तीन अंश पश्चिमेला सरकलेलं आहे, पण दक्षिणोत्तर अंतर बरंच मोठं असल्याने त्याचं निभावलं.

मुंबई-नागपूरचं निभावत नाही. माध्यान्हीच्या सावल्यांमधला फरक फक्त एवढंच सांगतो की एक गाव दुसऱ्यापेक्षा किती उत्तरेला आहे. पूर्वेकडे किती गेलात त्याचा त्या कोनाशी काही संबंध नाही. नागपूर मुंबईपासून सरळ रेषेत ६९० किलोमीटरच्या आसपास आहे पण त्यातलं उत्तरेकडचं जेमतेम २३०, बाकी सगळं पूर्वेला. कोनाचा फरक २.०७ अंश. सरांनी ६९० ला ३६० ने गुणून २.०७ ने भागलं, आले १ लाख २० हजार. २३० घालून बघा, बरोबर ४०,००० येतात. दांडा तोच, सावली तीच. (रस्त्याचं अंतर घालणारेही भेटतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.)

मग दक्षिणोत्तर अंतर काढायचं कसं? गुगल मॅप्स कॉम्प्युटरवर उघडा, उत्तरेकडच्या गावावर राइट क्लिक करून Measure distance घ्या आणि दुसरा ठिपका थेट खाली, दुसऱ्या गावाच्या बरोबरीच्या रेषेत टाका. तो शेतात पडला, खाडीत पडला, पडू दे. बरेच जण शॉर्टकट मारतात, अक्षांशाचा फरक गुणिले १११. तसं करू नका, कारण ते १११ घेराला ३६० ने भागूनच आलेलं आहे, मग उत्तर ४० हजार येणारच, तुम्ही मोजलं काय?

आता एक जोडी पूर्ण करून दाखवतो. पणजी आणि इंदूर, आमच्याच दोन गिऱ्हाइकांची, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातला फरकही साधारण ७.२ अंशच आहे, आस्वान-अलेक्झांड्रियाइतका. दिवस २२ डिसेंबर, दांडा १ मीटर. पणजीत सर्वात आखूड सावली ८१ सेंटिमीटर, इंदुरात १०४. सावली भागिले दांडा, आणि कॅल्क्युलेटरवर त्याचा उलटा टॅन, म्हणजे पणजीचा कोन ३९.०१ अंश आणि इंदूरचा ४६.१२. फरक ७.११. सरळ रेषेतलं अंतर ८२७ किलोमीटर आहे पण नकाशावर दक्षिणोत्तर मोजलं तर ७९९. ७९९ गुणिले ३६० भागिले ७.११, आले ४०,४५६. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८, म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर चूक. त्या दोघांनी फोटो पाठवला होता, इंदूरच्या काकांनी गच्चीवर खडूने सावल्यांचा आख्खा पंखा काढला होता.

त्या पंख्यावरून आठवलं. दोघांनी व्हिडिओ कॉल लावून एकाच मिनिटाला मोजायची गरज नाही, उलट तसं करूच नका. इंदूर पूर्वेला, तिथं त्या दिवशी माध्यान्ह १२:२५ च्या सुमारास होते, पणजीत आठेक मिनिटांनी. १२:१० ते १२:५० दर चार-पाच मिनिटांनी टोकाला खूण करा आणि आपापल्या गावची सर्वात आखूड घ्या, बास. डिसेंबरअखेरीस एक-दोन दिवस मागेपुढे झालं तरी चालतं, सूर्य तेव्हा जवळपास तिथंच असतो. मार्च-सप्टेंबरात मात्र तो रोज ०.४ अंश सरकतो, तारीख एकच हवी. आणि मे महिन्यात मोजणारे, जपून: गोव्यात शून्य सावली होऊन गेलेली असते आणि इंदुरात अजून व्हायची असते, एकाची सावली दक्षिणेला दुसऱ्याची उत्तरेला, तेव्हा कोन वजा नाही, बेरीज करायचे.

"साधी काठी चालत नाही का?" हा दुसरा प्रश्न. चालते. आपल्याकडे शंकू म्हणजे उभा खुंट लावून सावली मोजणं जुनंच आहे, पंचांगवाल्यांची पलभा म्हणजे विषुवदिनाच्या दुपारची बारा अंगुळं उंच शंकूची सावलीच. पण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाचा गोल आहे, त्यामुळे काठीच्या टोकाची सावली पुसट पडते आणि लोक अंदाजाने एक सेंटिमीटर इकडे-तिकडे करतात. पणजी-इंदुरात तेवढ्याने उत्तर चार-पाच टक्के हलतं, मुंबई-नागपूरला कोनच एवढासा असल्याने पंधरा टक्क्यांच्या घरात. म्हणून आमच्या दांड्याला वर भोकाची चकती आहे, सावलीत उजेडाचा बारका गोल पडतो, त्याच्या मध्यावर खूण करायची. बैठकीला तीन स्क्रू आणि लेव्हलची बाटली त्यासाठीच, संच थोडा महाग पडतो तो यामुळे.

जोडीदार नसेल तर सांगा, उत्तर-दक्षिण रांगेतला शोधून देतो. पणजी आणि उदयपूर जवळजवळ एका रेखांशावर आहेत, नऊ अंशांचा फरक, तिथं सरळ अंतर घातलं तरी चालून जातं. उदयपूरला सध्या आमची दोन गिऱ्हाइकं आहेत, दोघंही हौशी.

संच बदलून हवा असेल तर दोन्हीकडच्या सावल्या, तारीख आणि नकाशावरच्या त्या उभ्या रेषेचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर टाका. रेषा तिरकी दिसली तर आधी फोन करू.