फिल्टर नवा, तरी गाडी थरथरते

‘भाऊ, एअर फिल्टर तर नवा टाकला, मग गाडी अशी काऊन करून राहिली?’ उन्हाळा संपता संपता नागपुरातल्या गॅरेजांमध्ये हा प्रश्न हमखास ऐकू येतो. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, आरपीएमचा काटा वर-खाली होत राहतो, एसी लावला की आता बंदच पडते की काय असं वाटतं, आणि पुढच्या टाकीला ॲव्हरेज पडलेलं दिसतं. मग प्लग बदला, इंजेक्टर साफ करा, असा खर्च सुरू होतो. पण तक्रार फिल्टर बदलल्यानंतरच सुरू झाली असेल, तर फिल्टर काढता-घालताना हात कुठे कुठे लागला ते आधी बघावं.

फिल्टरचा डबा आणि इंजिन यांच्यामध्ये जाड रबरी नळी असते. बऱ्याच गाड्यांमध्ये या नळीच्या सुरुवातीलाच हवा मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. गॅरेजात त्याला मॅफ म्हणतात. त्याच्या आत केसासारखी बारीक तार किंवा पातळ पापुद्रा असतो. वीज देऊन तो आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवला जातो. हवा वाहिली की तो थंड होऊ लागतो, आणि तेवढाच गरम ठेवायला किती वीज लागली यावरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळतं. शुद्ध पेट्रोलसाठी १ ग्रॅम इंधनाला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी. ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर नंतर सांगतो की पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं, आणि ईसीयू त्याप्रमाणे टक्क्यांत दुरुस्ती करतो. स्कॅनरवर ही दुरुस्ती दोन आकड्यांत दिसते: STFT म्हणजे या क्षणाची, LTFT म्हणजे शिकून लक्षात ठेवलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असावी. चार-पाच टक्के इकडे-तिकडे चालतं.

आता बिघाड दोन तऱ्हेने होतो. हवा सेन्सरला चुकवून आत शिरते, किंवा सेन्सर मळल्यामुळे खोटं सांगतो. लक्षणं सारखी वाटतात, पण ही दुरुस्ती दोन वेगवेगळ्या आरपीएमला वाचली की बहुतेक वेळा फरक कळतो.

एक पंधराशे सीसीची पेट्रोल गाडी घेऊ. निरोगी असताना इंजिन गरम, एसी बंद, गाडी उभी, तेव्हा सेन्सर सेकंदाला साधारण अडीच ग्रॅम हवा दाखवतो. फिल्टर बदलल्यावर तोच आकडा २.० झाला, आणि STFT +६, LTFT +१८, म्हणजे बेरीज +२४ झाली. इंजिनाला हवा अडीच ग्रॅमच मिळतेय, पण त्यातली अर्धा ग्रॅम न मोजता येतेय. २.० वर ०.५ म्हणजे पाव हिस्सा, म्हणून ईसीयू जवळपास तेवढंच पेट्रोल वाढवून देतोय. मग रेस देऊन आरपीएम २,५०० वर धरले. आता सेन्सर ९ ग्रॅम दाखवतो. चोरून येणारी हवा अजूनही अर्धा ग्रॅमच, कारण तिची वाट अरुंद आहे. ९ मध्ये अर्धा म्हणजे पाच-सहा टक्के, आणि स्कॅनरवर बेरीज +५ च्या आसपास येते. उभ्या गाडीत दुरुस्ती मोठी आणि रेस दिल्यावर ती झपाट्याने कमी झाली, तर हवेची गळती शोधायची.

या गाडीत ती कुठे सापडली? इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपासून रबरी नळीकडे जाणारा अंगठ्याएवढ्या जाडीचा ब्रीदर पाइप असतो. डब्याचं झाकण उचलताना नळी पिळली गेली आणि हा पाइप आपल्या टोकावरून निसटला. नळीच्या खालच्या बाजूला असल्यामुळे वरून काहीच दिसत नाही. खाली हात घातला की निसटलेलं टोक लागतं, तोंडाशी तेलाची ओली कड आणि तिला चिकटलेली धूळ. इंजिनाची ओढ, आतली वाफ परत खेचणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमार्फत, इथूनच हवा खेचते, म्हणून गाडी उभी असताना नुकसान ठळक दिसतं. याउलट थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, अलीकडच्या नळीला बारीक चीर गेली, तर तिथे ओढ फारशी नसते. ती कधी कधी रेस दिल्यावर, इंजिन हललं की उघडते, आणि वरचं गणित मग इतकं साफ येत नाही. सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट न लागल्याने शिरलेली हवा मात्र मोजली जाते. तिचा गुन्हा वेगळा, ती धूळ घेऊन येते.

धुळीचा विषय नागपुरात वेगळा सांगावा लागत नाही. कोराडी-खापरखेड्याकडची राख, खोदलेले रस्ते, मे महिन्यातली वावटळ, सगळं फिल्टरवरच थांबतं. म्हणून जुना फिल्टर काढताना डब्यात झटकला, किंवा डबा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवला, की ती धूळ थेट सेन्सरच्या तारेपर्यंत पोचते. तारेवर थर बसला की हवा तिला पुरती थंड करू शकत नाही, आणि विशेषतः जास्त हवा वाहताना सेन्सर कमी आकडा देतो. तेव्हा चित्र उलटं: उभ्या गाडीत दुरुस्ती जेमतेम, पण भरधाव किंवा चढावर +१२, +१५. गाडीतला पेट्रोल पंप कमी दाब देत असेल तर तोही अगदी असंच दाखवतो, म्हणून सेन्सर साफ करूनही आकडा हलला नाही तर पंपाचा दाब तपासायला लावावा.

साफ करायला मॅफसाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, तोच घ्यावा. कार्बोरेटर क्लीनर नको, इअरबड नको, कॉम्प्रेसर तर अजिबात नको. तार तुटली की नवा सेन्सर. इंजिन बंद आणि थंड असताना सेन्सर काढून दुरून काही फवारे मारावेत, हात न लावता पूर्ण सुकू द्यावा, मग बसवावा. गळती शोधताना काही मिस्त्री चालू इंजिनावर पेट्रोलसारखा स्प्रे मारून आरपीएम बदलतात का ते बघतात. गरम सायलेन्सरजवळ हा प्रकार मला मुळीच पटत नाही; एखादी नळी चिमटून बघणं किंवा धूर सोडून तपासणं बरं.

हवा-पेट्रोलचं मिश्रण दुरुस्त होत असेल तर ॲव्हरेज का पडतं? कारण दुरुस्तीला मर्यादा आहे. उभ्या गाडीत मिश्रण पातळ राहिलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतो, न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे आणि ईसीयू आणखी सोडतो. शिवाय मळलेला सेन्सर इंजिनावरचा भारच कमी सांगतो, त्यामुळे ठिणगीची वेळ चुकते, पिकअप जातो आणि चालक पाय जास्त दाबतो. वर्दळीत उभं राहून एसी चालवणाऱ्या गाडीला हे जास्त जाणवतं.

हे सगळं मॅफ असलेल्या गाडीचं. पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच, थ्रॉटलपुढच्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीची हवाही दाबात मोजली जाते, म्हणून दुरुस्तीचा आकडा फारसा चढत नाही. आरपीएमच उंच राहतात. स्कॅनर लावण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते मिस्त्रीला विचारावं.

पाइप बसवल्यावर LTFT लगेच शून्यावर येत नाही, ईसीयूने शिकलेलं काही काळ टिकतं. तोवर STFT उणे दिसेल, त्याने घाबरू नये. मिश्रण पातळ असल्याचा P0171 कोड आला असेल तर तो पुसून गाडी थोडी शहरात, थोडी वर्धा रोडला चालवावी आणि पुन्हा दोन्ही आरपीएमला आकडे वाचावेत.