मॅरेथॉन मार्गाचे प्रमाणपत्र: पात्रता, मोजणी आणि कागदपत्रे

१९८१च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांची वेळ नोंदवली आणि डेरेक क्लेटनची १९६९पासूनची २:०८:३३.६ ही सर्वोत्तम वेळ मागे पडली. पुढे त्या मार्गाची फेरमोजणी झाली, तेव्हा तो सुमारे १४८ मीटर कमी भरला. सालाझारच्या वेगाने तेवढं अंतर कापायला २७ सेकंद लागतात आणि वेळ सुधारली होती २० सेकंदांनी. विक्रम गेला. आखून दिलेलं सगळं अंतर तो धावला होता, चूक रस्ता मोजताना झाली होती. आज मार्गाला प्रमाणपत्र मिळवण्याची जी पद्धत आहे, ती अशी चूक कमी अंतराच्या बाजूने होऊच नये म्हणून बेतलेली आहे.

कोणता मार्ग विक्रमासाठी पात्र ठरतो

अर्ज आयोजकाने करायचा असतो, धावपटूने नव्हे. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या नियमानुसार सुरुवात आणि शेवट यांमधलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये, म्हणजे मॅरेथॉनसाठी साधारण २१.१ किलोमीटर. शिवाय सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे ४२ मीटरपेक्षा, जास्त नको. पहिली अट वाऱ्यासाठी आहे: मार्ग एकाच दिशेने जात असेल तर पाठीवरचा वारा पूर्ण शर्यतभर मदत करतो. २०११मध्ये जेफ्री मुताईने बोस्टनला २:०३:०२ ही वेळ दिली. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ती जवळपास एक मिनिटाने सरस होती, तरी विक्रम म्हणून धरली गेली नाही, कारण बोस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नाही. तिथे मोजणीत काही खोट नव्हती. प्रमाणपत्र असणं आणि विक्रमास पात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आयोजकांची इथेच बरेचदा गल्लत होते.

मोजणी: सायकल, काउंटर आणि एक जादा मीटर

विक्रमासाठी मोजणी ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणीच्या मान्यताप्राप्त मोजणीकाराकडूनच करून घ्यावी लागते. साधन म्हणजे साधी सायकल. तिच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर बसवलेला असतो. चाकाच्या एका फेऱ्यात तो वीसहून अधिक आकडे पुढे सरकतो, त्यामुळे एक आकडा म्हणजे रस्त्यावरचे सुमारे नऊ सेंटिमीटर. मोबाइल किंवा घड्याळातला जीपीएस इथे चालत नाही. वळणांवर आणि उंच इमारतींच्या मध्ये तो भरकटतो, आणि इतकी बारीक अचूकता त्याच्याकडे नाहीच.

पण चाकाचा घेर रोज सारखा नसतो. हवेचा दाब, तापमान आणि स्वाराचं वजन यांनुसार तो बदलतो. म्हणून आधी सरळ, सपाट रस्त्यावर निदान ३०० मीटरची पायारेषा पोलादी टेपने आखतात. टेपलाही उष्णता लागते: तिच्यावरचं माप २० अंश सेल्सिअसला बरोबर असतं, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती करावी लागते. थंडीत टेप आकसते, पायारेषा प्रत्यक्षात लहान पडते आणि दुरुस्ती विसरली तर पुढे अख्खा मार्ग कमी भरतो. मोजणीच्या आधी या रेषेवरून चार फेऱ्या आणि मोजणी संपल्यावर पुन्हा चार फेऱ्या मारायच्या, म्हणजे मधल्या वेळात चाक किती बदललं ते कळतं.

एक उदाहरण पाहू. पायारेषा ४०० मीटरची आहे. पहाटे गारव्यात चार फेऱ्यांची सरासरी ४,४०० आकडे आली, म्हणजे मीटरला ११ आकडे. काम संपेपर्यंत ऊन चढलं, टायर फुगला आणि सरासरी ४,३९६वर आली, म्हणजे मीटरला १०.९९. सावध मोजणीकार मोठा आकडा, म्हणजे ११, धरतो. मग त्याला १.००१ने गुणायचं. हा गुणक म्हणजे किलोमीटरमागे एक जादा मीटर, मार्ग कमी पडू नये म्हणून ठेवलेली तजवीज. ११.०११ गुणिले ४२,१९५ म्हणजे ४,६४,६०९ आकडे. सायकल तेवढे आकडे चालली की मॅरेथॉनचा मार्ग आखला गेला.

आता समजा कोणी चुकून उन्हातलाच आकडा घेतला आणि रस्ता मात्र पहाटेच्या गारव्यात मोजला. गुणक धरूनही ४,६४,१८७ आकडेच येतील आणि प्रत्यक्ष रस्ता होईल सुमारे ४२,१९९ मीटर. बेचाळीस मीटरच्या राखीव अंतरापैकी फक्त चार उरले, पण मार्ग कमी पडला नाही. हे राखीव अंतर नेमकं यासाठीच असतं. धावपटूला चाळीस मीटर जास्त धावावं लागतं ही तक्रार नेहमी ऐकू येते, पण विक्रम टिकायचा असेल तर चूक याच बाजूने झालेली बरी.

सर्वांत जवळची वाट

सायकल रस्त्याच्या मधोमध चालवायची नसते. धावपटू कायद्याने जी सर्वांत जवळची वाट पकडू शकतो तीच मोजायची: वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून आणि नागमोडी रस्त्यावर एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरळ तिरकं जात. मोजणीकार काटकोनी वळणावर कडेपासून तीन मीटर दूर गेला, तर तिथे मोजणीत चार मीटरच्या आसपास अंतर उगीच वाढतं आणि मार्ग तेवढा कमी पडतो. धावपटू मात्र कड धरूनच वळतो. अशी दहा वळणं झाली की सगळं राखीव अंतर संपलं. म्हणूनच हे काम रहदारी कमी असताना, बहुधा रात्री किंवा पहाटे, पोलिसांच्या सोबतीने करतात. आयोजकाने ही परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

जिथे रस्त्याचा काही भाग अडथळे लावून बंद ठेवायचा आहे, तिथे मोजणी त्या अडथळ्यांनुसार होते. शर्यतीच्या दिवशी ते दोन मीटर आत सरकले, तर प्रमाणपत्रातला आकडा त्या रस्त्याचा राहत नाही.

कागदपत्रं

मोजणीकाराच्या अहवालात कॅलिब्रेशनचे, म्हणजे पायारेषेवरच्या फेऱ्यांचे, सगळे आकडे, वेळ आणि तापमान, मार्गावर टिपलेले आकडे आणि गणित असतं. सोबत नकाशा हवा. त्यात मोजलेली वाट, अडथळ्यांच्या जागा, सुरुवात व शेवटाची उंची आणि प्रत्येक महत्त्वाचा बिंदू असतो. सुरुवात, शेवट आणि उलटं फिरायची जागा यांचं वर्णन असं हवं की दोन वर्षांनी आलेल्या अनोळखी माणसालाही ती सापडावी: रस्त्यात ठोकलेला खिळा, त्याचं अमुक क्रमांकाच्या दिव्याच्या खांबापासूनचं अंतर. ‘चौकाजवळ’ एवढंच लिहिलेलं अर्जात चालत नाही. रंगाने काढलेली रेषा डांबरीकरणात जाते, तेव्हा खांबापासूनचं अंतरच उपयोगी पडतं. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. मार्ग बदलला तर ते तिथेच संपतं.

शर्यतीचा दिवस

विक्रम झालाच तर केवळ जुन्या प्रमाणपत्रावर भागत नाही. मार्ग जसा मोजला तसाच धावला गेला, हे दाखवावं लागतं. त्यासाठी मोजणी करणाऱ्यांपैकी एखादा तज्ज्ञ पुढच्या वाहनातून सोबत जातो किंवा शर्यतीच्या आधी अथवा नंतर फेरपडताळणी होते, शक्यतो दुसऱ्या मोजणीकाराकडून. फेरपडताळणीत १.००१चा गुणक धरत नाहीत. रस्ता ४२,१९५ मीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर विक्रमाचा अर्ज उत्तेजक चाचणी आणि वेळेच्या नोंदीसह पुढे जातो. कमी भरला, तर उरलेल्या अंतराची वेळ हिशेबाने जोडून विक्रम वाचवता येत नाही. तो नामंजूर होतो.