तलविन्यास-नामनिर्देशन : मंदिर, मशीद, चर्च व गुरुद्वारा

प्रार्थनास्थळांचे नावे न लिहिलेले तलविन्यास समोर ठेवून त्यांतील भाग ओळखण्याचा व रेघ ओढून नाव देण्याचा अभ्यास. स्थापत्याच्या वर्गांत तो जुना आहे. शालेय धर्मशिक्षणात तो मुख्यतः ब्रिटनमध्ये रुळला. तेथे बर्मिंगहॅमचा १९७५ चा अभ्यासक्रम आणि १९८८ चा शिक्षणसुधारणा कायदा यांनंतर ख्रिस्ती धर्माबरोबर इतर प्रमुख धर्मही वर्गात आले आणि चर्चच्या आकृतीशेजारी मशीद, मंदिर व गुरुद्वाराही छापले जाऊ लागले.

तलविन्यास म्हणजे इमारत जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटर उंचीवर आडवी कापून वरून पाहिल्यावर दिसणारे चित्र. कापल्या गेलेल्या भिंती व खांब जाड किंवा भरीव दाखवतात, तर पायऱ्या, ओटे, हौद असे खालचे भाग बारीक रेषेने दाखवतात. छेदाच्या वर राहणारे घुमट वा छताचे भाग तुटक रेषेने येतात. त्यामुळे ‘शिखर’ हे नाव तलविन्यासात देता येत नाही. ते उभ्या छेदाचे नाव आहे. तरीही शालेय आकृत्यांत गर्भगृहाच्या चौकोनावर ‘शिखर’ लिहिलेले वारंवार आढळते. मीनार, दीपस्तंभ व गुरुद्वाराबाहेरचा ध्वजस्तंभ म्हणजे निशान साहिब यांचे बुंधे मात्र छेदात येतात. निव्वळ आकारावरून ती तिन्ही लहान वर्तुळेच दिसू शकतात, म्हणून त्यांचे नाव जागेवरून ठरवावे लागते.

दिशा : आकृतीवर उत्तरेचा बाण नसेल तर हा अभ्यास अर्धा अंदाजावर चालतो, पण बाण असूनही पाठ केलेले नियम फसवतात. ‘मंदिर पूर्वाभिमुख असते’ आणि ‘चर्चची वेदी पूर्वेला असते’ हे दोन नियम अंबरनाथचे शिवमंदिर व जुन्या गोव्यातील चर्च यांना लावून पाहावेत. अंबरनाथच्या शिलालेखातील शक पूर्वी ७८२ असा वाचला गेला होता, आता ९८२ (इ. स. १०६०) हे वाचन ग्राह्य धरतात आणि शिल्पशैलीही त्यालाच दुजोरा देते. हे मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे त्याचे गर्भगृह पूर्वेच्या टोकाला येते. बॉम जीझस बॅसिलिकाचे (१५९४–१६०५) दर्शनी अंगही पश्चिमेला व वेदी पूर्वेला आहे. म्हणजे दिशेपुरते पाहिले, तर मंदिर व चर्च येथे एकसारखे वागतात. उलट, काही पावलांवरच्या से कॅथेड्रलचे दर्शनी अंग पूर्वेला असून वेदी पश्चिमेला आहे. मशिदीत मात्र दिशा पक्की असते. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, मुंबईतून पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेकडे येतो. जुन्या बांधकामांत तो सरळ पश्चिमेला धरलेलाही आढळतो.

अंबरनाथच्या आकृतीत आधी गर्भगृह शोधण्याऐवजी मंडपापासून सुरुवात करणे सोयीचे. मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप आहेत; चौथ्या बाजूला मंडप व गर्भगृह यांना जोडणारी जागा म्हणजे अंतराळ व त्यापुढे गर्भगृह. अंतराळातून पुढे पायऱ्यांच्या रेषा दिसतात. त्या चढत्या समजून तिथे ‘वेदी’ किंवा ‘चौथरा’ लिहिण्याची चूक होते. प्रत्यक्षात गर्भगृह मंडपाच्या पातळीच्या बरेच खाली आहे व पायऱ्या उतरत्या आहेत. चांगल्या आकृतीत पायऱ्यांवर बाण काढून चढ-उतार लिहिलेला असतो. तो नसेल, तर नुसत्या तलविन्यासातून हे कळण्याचा मार्ग नाही. गर्भगृहाभोवती आतून फिरण्याची वाट येथे नाही, म्हणून ‘प्रदक्षिणापथ’ हे नाव इमारतीच्या आत कुठेही टाकू नये.

मिहराब व अर्धवर्तुळाचा प्रश्न : या अभ्यासातली सर्वांत जास्त गफलत एका आकाराभोवती होते. अनेक चर्चमध्ये वेदीमागची भिंत अर्धवर्तुळाकार (आप्स) असते. मशिदीच्या किब्ला-भिंतीतही खोलगट कोनाडा (मिहराब) असतो. हे साम्य योगायोगाचे की वारशाचे, यावर मतभेद आहेत. खोलगट मिहराबाचे पहिले निश्चित उदाहरण म्हणून सामान्यतः मदीनेच्या मशिदीची खलीफा पहिला वलीद याच्या काळातील, इ. स. ७०७ ते ७०९ च्या सुमाराची पुनर्बांधणी सांगतात. त्या कामावर इजिप्तचे कॉप्ट कारागीर होते, अशी परंपरा असल्याने मिहराब चर्चमधून आला, असे एक मत पुढे आले. फ्रेंच अभ्यासक झां सोव्हाजे यांनी तो राजदरबारातील आसनाच्या कोनाड्याशी जोडला. पैगंबर नमाजात उभे राहत ती जागा दाखवण्यासाठी तो केला गेला, हे तिसरे मत. मदीनेचा संदर्भ पाहता तिसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारागिरांचा धर्म हा आकाराच्या अर्थाचा पुरावा होत नाही. काही सपाट मिहराब याहून जुने असल्याचे म्हटले जाते, पण त्यांच्या तारखा वादग्रस्त आहेत.

नाव देताना उपयोगी पडणारा फरक प्रमाणाचा व कार्याचा आहे. आप्स ही एक जागा आहे; तिच्यात किंवा तिच्यापुढे वेदी असते व सगळी लांबी तिच्याकडे धावते. मिहराब भिंतीतला कोनाडा आहे. त्याच्या समोरची जागा रुंदीत पसरते, कारण नमाजाच्या रांगा किब्ल्याला समांतर असतात. एका किब्ला-भिंतीत अनेक मिहराबही असू शकतात. कोनाड्याच्या बाजूला पायऱ्यांचा लहान आयत असेल तर तो मिंबर, म्हणजे प्रवचनाचा मंच.

विजापूरच्या जामा मशिदीचे (काम सुमारे १५७६ पासून) उदाहरण घेतल्यास पश्चिमेला नमाजाचे दालन, त्याच्या पूर्वेला सहन म्हणजे उघडे अंगण व त्यात हौद असा क्रम लागतो. दालनात खांबांमधले नऊ गाळे रुंदीचे व पाच खोलीचे. मधल्या नऊ गाळ्यांच्या जागेतले खांब गाळलेले असून तिथे घुमट आहे. आकृतीत हा मोकळा चौरस व त्यातील तुटक वर्तुळ पाहून ‘सहन’ लिहिले जाते. वर्तुळ तुटक असणे हेच वर छत असल्याचे चिन्ह होय. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील मशिदीत तर सहनच नाही, सारी जागा आच्छादित आहे. तिथे ‘सहन’ ही चौकट रिकामी सोडणे हेच बरोबर उत्तर.

चर्चबाबतही तेच. से कॅथेड्रलमध्ये मुख्य वीथी (नेव्ह) व दोन पार्श्ववीथी (आयल) आहेत. बॉम जीझसमध्ये पार्श्ववीथी नाहीत. तेथे क्रुसाचे दक्षिणेकडील अंग (ट्रान्सेप्ट) महत्त्वाचे, कारण संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष त्या बाजूला आहेत.

गुरुद्वारा : याचे तलविन्यास संदर्भग्रंथांत तुलनेने कमी छापले गेले आहेत आणि ठरावीक आकारही नाही. दरबार हॉल, त्यात गुरू ग्रंथ साहिबांचे आसन व वरची चांदणी, लंगर, पादत्राणे ठेवण्याचे जोडाघर, रात्री ग्रंथ ठेवण्याची खोली आणि बाहेर निशान साहिब ही नावे पुरतात. चांदणी छेदाच्या वर असल्याने तुटक चौकोनाने दाखवावी. नांदेडचा हजूर साहिब (इमारत १८३२–३७) येथे अडचण करतो. तिथल्या आतल्या खोलीला, अंगीठा साहिबला, मंदिरांच्या सवयीने ‘गर्भगृह’ म्हटले जाते. पण ती गुरू गोविंदसिंगांच्या अंत्यसंस्काराच्या (१७०८) जागेवर आहे आणि दिवसा ग्रंथ तिच्यासमोरच्या दालनात असतो. म्हणून ‘गुरू ग्रंथ साहिबांचे आसन’ ही रेघ बाहेरच्या दालनात न्यावी. ब्रिटनमध्ये काही गुरुद्वारे जुन्या चर्चच्या इमारतींत आहेत. त्यांच्या आकृतीत नेव्हच्या जागी दरबार हॉल लिहायचा असतो. भिंती चर्चच्या असल्या तरी नाव आजच्या वापराचे घ्यावे आणि मूळ नाव हवेच असेल तर कंसात द्यावे.