ग्रेडियंट डिसेंट (सरळ रेषा जुळवण्यासाठी)

चूक मोजणारा आकडा ज्या दिशेला सर्वांत वेगाने घटतो, त्या दिशेने छोटी पावले टाकत रेषेचा चढ आणि छेद शोधण्याची ही रीत. तिचे मूळ फ्रेंच गणिती कोशी यांच्या १८४७ सालच्या टिपणात आहे.

उदाहरणासाठी लातूर, औसा आणि निलंगा तालुक्यांतली तीन शेते घेऊ. आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत. हंगामात पाऊस ६००, ७०० आणि ८०० मिमी पडला. सोयाबीनचा उतारा एकरी ५, ८ आणि ८ क्विंटल आला. पावसातून सरासरी ७०० वजा करून उरलेल्याला १०० ने भागले, की x चे −१, ० आणि १ होतात. y हा उतारा, m हा चढ आणि c हा छेद धरून y = mx + c ही रेषा हवी आहे. प्रत्यक्ष उतारा आणि रेषेचा अंदाज यांतला फरक e. अशा तीन फरकांच्या वर्गांची सरासरी म्हणजे चूक J. पाऊल किती मोठे टाकायचे ते ठरवणारा आकडा, म्हणजे शिक्षणदर, η धरला, तर प्रत्येक पावलाला

```
m ← m + η·(2/3)·Σ(x·e)
c ← c + η·(2/3)·Σe
```

m = ०, c = ० पासून निघू, η = ०.३ ठेवू. सुरुवातीला e म्हणजे ५, ८, ८ आणि J = ५१. त्यांची बेरीज २१, तर x ने गुणून केलेली बेरीज ३. म्हणून m ०.६ वर आणि c ४.२ वर जातो, J ८.८८ वर उतरते. आता फरक १.४, ३.८, ३.२ उरतात. त्यावरून m = ०.९६, c = ५.८८, J सुमारे १.९५. तिसऱ्या पावलानंतर m = १.१८, c = ६.५५, J सुमारे ०.७७.

उत्तर m = १.५, c = ७ असे आहे. दर पावलाला c चे उत्तरापासूनचे अंतर ०.४ पट होते, m चे ०.६ पट, म्हणून m मागे राहतो. J मात्र ०.५ च्या खाली कधीच जात नाही, कारण हे तीन बिंदू एका रेषेत नाहीत. J शून्यावर येण्याची वाट पाहू नये. ती घटायची थांबली आणि दोन्ही बेरजा शून्याजवळ आल्या, की अभिसरण झाले. J चा आकार एकाच तळाच्या वाडग्यासारखा असल्याने सुरुवात कुठूनही केली तरी चालते.

c चे अंतर दर पावलाला (१ − २η) पट होते. η = १ घेतला तर c ०, १४, ०, १४ असा कायम हेलकावत राहतो. १.१ घेतला तर तो १५.४, मग −३.०८, असा दर वेळी आणखी दूर फेकला जातो. J वाढताना दिसली, तर आधी η कमी करावा.

खरी अडचण बहुधा एककांत असते. पाऊस थेट मिमीमध्येच ठेवला, तर η ची मर्यादा सुमारे ०.०००००२ वर येते, आणि तेवढ्या दराने c ला ठिकाणावर यायला कोट्यवधी पावले लागतात. वर सरासरी वजा करून १०० ने भागले ते याचसाठी. तीन शेतांना ही रीत लागतच नाही. लघुतम वर्गांच्या सूत्राने उत्तर एका दमात निघते. चलांची संख्या हजारांत गेली, की ते सूत्र सोडवणे जड जाते आणि तिथे ही पावले परवडतात.