ताळेबंदानंतरच्या दोन टिपा: कंपनी टिकण्याविषयीची शंका आणि वर्षअखेरीनंतर घडलेल्या घटना

अमेरिकी कंपनीचा वार्षिक अहवाल, म्हणजे फॉर्म १०-के, वाचताना सावध गुंतवणूकदाराची गफलत बहुधा दोन टिपांमध्ये होते. पहिली टीप गोइंग कन्सर्नची. कंपनी चालू संस्था म्हणून टिकेल का, याविषयी शंका असेल तर ती या टिपेत मांडलेली असते. दुसरी टीप ताळेबंदाच्या तारखेनंतर घडलेल्या घटनांची असते. दोन्ही टिपा वर्षअखेरीच्या पलीकडचे बोलतात, दोन्हींमध्ये कर्ज, भागविक्री आणि रोकड हेच विषय येतात, आणि त्यामुळे एकीत वाचलेली चांगली बातमी दुसरीतल्या शंकेचे उत्तर आहे असे वाचणारा सहज धरून चालतो. ते तसे असतेच असे नाही.

फरक काळाचा आहे. घटनांची टीप एका बंद झालेल्या खिडकीविषयी असते. ताळेबंदाच्या तारखेपासून अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत जे प्रत्यक्ष घडून गेले, तेवढेच तिच्यात येते. गोइंग कन्सर्नची टीप जिथे ही खिडकी बंद होते तिथून पुढे पाहते. अमेरिकी लेखाविषयक नियमांनुसार अहवाल प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत येणारी देणी कंपनी वेळेवर फेडू शकणार नाही, अशी दाट शक्यता व्यवस्थापनाला दिसली, तर तसे सांगणे त्याला भाग असते. २०१४ साली जारी झालेल्या सुधारणेपासून ही जबाबदारी स्पष्टपणे व्यवस्थापनावर आहे. त्याआधी हा विचार प्रामुख्याने लेखापरीक्षकाच्या नियमांत होता. थोडक्यात, एक टीप घडलेले नोंदवते आणि दुसरी अंदाज करते.

हे एका काल्पनिक कंपनीवर तपासून पाहू. तिचे आर्थिक वर्ष ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपले आणि अहवाल १४ मार्च २०२५ रोजी दाखल झाला. म्हणजे घटनांची खिडकी ७३ दिवसांची, आणि शंकेची मुदत १४ मार्च २०२६ पर्यंतची. वर्षअखेरीस कंपनीकडे ६ कोटी डॉलर रोकड आहे. व्याज धरून दरमहा निव्वळ ४० लाख डॉलर बाहेर जातात. ९ कोटी डॉलरचे एक मुदत कर्ज २८ फेब्रुवारी २०२६ रोजी एकरकमी फेडायचे आहे.

इथे पहिली नजरचूक होते. कर्जाची मुदत ताळेबंदाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या पलीकडे असल्यामुळे ते चालू देण्यांत दिसत नाही, दीर्घ मुदतीच्या देण्यांत बसते. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागून समाधान मानणाऱ्याला हे प्रमाण निरोगी दिसेल. पण शंकेची मुदत अहवालाच्या तारखेपासून मोजायची असल्यामुळे तेच कर्ज तिच्या आत येते. ताळेबंद आणि टीप परस्परविरोधी वाटतात, तरी दोन्ही बरोबर असतात. फक्त त्यांची घड्याळे वेगवेगळ्या दिवशी सुरू झालेली असतात.

आता समजा, घटनांच्या टिपेत दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. २० फेब्रुवारी २०२५ रोजी कंपनीने २ कोटी नवे भाग प्रत्येकी दीड डॉलरला विकले आणि ३ कोटी डॉलर तिच्या खात्यात जमा झाले. तसेच कर्जाच्या पुनर्वित्तासाठी नव्या सावकाराबरोबर बंधनकारक नसलेली टर्म शीट, म्हणजे मुख्य अटींचे प्राथमिक पत्र, मार्चच्या सुरुवातीला सहीनिशी पूर्ण झाली. टीप वाचणाऱ्याला हायसे वाटते, पण हिशेब वेगळे सांगतो. फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत चौदा महिन्यांत ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च होतील, म्हणजे मूळ रोकडीतून ४० लाख उरतील, आणि नवे ३ कोटी धरून ३ कोटी ४० लाख. समोर ९ कोटींचे देणे आहे. तूट ५ कोटी ६० लाखांची.

भागविक्रीतून आलेले पैसे हिशेबात धरता येतात, कारण अहवालाच्या तारखेपर्यंत ते हातात आलेले आहेत. टर्म शीट मात्र धरता येत नाही. नियम असा आहे की, व्यवस्थापनाच्या योजनांमुळे शंका दूर झाली असे म्हणण्यासाठी ती योजना अहवालाच्या तारखेपर्यंत मंजूर झालेली असावी, ती अमलात येण्याची दाट शक्यता असावी, आणि अमलात आल्यावर तिने खरोखरच तूट भरून निघण्याचीही दाट शक्यता असावी. खर्चकपात संचालक मंडळाच्या हातात असते. नवे कर्ज दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून या कंपनीच्या घटनांच्या टिपेत आशेची बातमी असेल आणि त्याच वेळी गोइंग कन्सर्नच्या टिपेत शंका कायम असेल. यात विसंगती नाही. माझ्या मते अहवाल प्रामाणिकपणे लिहिला गेल्याची ती खूण आहे. उलट, केवळ बंधनकारक नसलेल्या पत्राच्या आधारावर शंका दूर झाल्याचे लिहिलेले दिसले, तर तिथे थांबून पुन्हा वाचावे.

शंका किती गंभीर आहे, हे भाषेवरून कळते. अहवालात `substantial doubt` हे शब्द शोधावेत आणि ते कोणत्या वाक्यात आले आहेत ते पाहावे. परिस्थितीमुळे शंका निर्माण होते, पण व्यवस्थापनाच्या योजनांमुळे ती दूर झाली, असे लिहिले असेल तर `alleviated` हा शब्द जवळपास सापडतो. अशी शंका दूर झालेली असली, तरी मुळात काय बिघडले होते आणि कोणती योजना आहे, हे सांगणे बंधनकारक असते, म्हणून ती टीप दिलासा म्हणून न वाचता योजनेची यादी म्हणून वाचावी. शंका दूर झालेली नसेल, तर ती असल्याचे विधान सरळ केलेले असते. हेच शब्द जोखमीच्या घटकांच्या भागातही येतात, मात्र तिथे बऱ्याच कंपन्या ‘भविष्यात अशी शंका निर्माण होऊ शकते’ एवढेच लिहितात, आणि ते प्रत्यक्ष निष्कर्षापेक्षा फार सौम्य असते.

आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. शंका जाहीर झाली तरी ताळेबंदातले आकडे बदलत नाहीत. कंपनी चालू राहील असे धरूनच मालमत्ता आणि देणी दाखवलेली असतात, आणि मोडीच्या भावाने काही लिहिलेले नसते. विसर्जन अटळ होईपर्यंत हीच पद्धत चालते. याउलट, वर्षअखेरीनंतरच्या काही घटना आकडे बदलतात, पण त्यांच्या टिपेत त्या दिसतीलच असे नाही. उदाहरणार्थ, २०२४ मधल्या अपघाताविषयीचा दावा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये २० लाख डॉलर देऊन मिटवला, तर ते देणे ३१ डिसेंबरच्या ताळेबंदातच येते, कारण त्याचे मूळ वर्षाच्या आत आहे. जानेवारीत लागलेली आग किंवा फेब्रुवारीतली भागविक्री मात्र नव्या वर्षाची घटना असते. तिच्यामुळे आकडे हलत नाहीत, ती महत्त्वाची असल्यास फक्त टिपेत सांगितली जाते. म्हणून घटनांची टीप लहान आहे, याचा अर्थ त्या ७३ दिवसांत विशेष काही घडले नाही, असा घेऊ नये.

लेखापरीक्षकाच्या अहवालातही शंकेचा वेगळा परिच्छेद असू शकतो, आणि तो नसेल तर पुष्कळ जण निश्चिंत होतात. पण अमेरिकी लेखापरीक्षण मानकानुसार लेखापरीक्षक ताळेबंदाच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्षाचा विचार करतो, म्हणजे आपल्या उदाहरणात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचाच. फेब्रुवारी २०२६ चे कर्ज त्या मुदतीबाहेर पडते. परिच्छेद असो वा नसो, व्यवस्थापनाची टीप स्वतंत्रपणे वाचावी लागते. शिवाय परिच्छेद नसणे ही हमी नव्हे, याचे ठळक उदाहरण सिलिकॉन व्हॅली बँकेचे आहे: तिच्या २०२२ च्या आर्थिक पत्रकांवरील लेखापरीक्षण अहवालाची तारीख २४ फेब्रुवारी २०२३ होती, त्यात अशी शंका नव्हती, आणि १० मार्च रोजी बँक बंद पडली. ठेवी एकाएकी काढल्या जाणे ही पुढील १४ दिवसांतली घटना होती, आणि तोवर दुसऱ्या टिपेची खिडकीही बंद झाली होती.

लेखापरीक्षकाच्या सहीखालची तारीखही पाहावी. कधी तिथे दोन तारखा असतात: संपूर्ण पत्रकांसाठी एक, आणि एका विशिष्ट टिपेपुरती नंतरची. ती टीप बहुधा एखाद्या उशिरा घडलेल्या घटनेची असते, आणि अशी घटना लेखापरीक्षकाने काम संपवल्यावर येऊन थडकली, हे त्यातून कळते. कर्जदार कंपन्यांच्या बाबतीत तिथे सावकाराच्या लेखी सवलतीची नोंद असण्याची शक्यता मी आधी तपासतो. कारण अनेक कर्जकरारांत लेखापरीक्षण अहवालात टिकण्याविषयीची शंका नसावी, अशीच एक अट असते. शंका लिहिली तर अट मोडते, अट मोडली तर कर्ज ताबडतोब मागता येते, आणि कर्ज मागता येत असेल तर शंका आणखी पक्की होते. हे चक्र तोडण्यासाठी कंपनी सावकाराकडून अटीभंग माफ करून घेते, आणि ती माफी अहवालाच्या काही दिवस आधीच मिळालेली असू शकते. माफी कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे त्या टिपेतले सर्वात महत्त्वाचे वाक्य. ती पुढच्या तिमाहीपुरतीच असेल, तर ती शंका दूर करत नाही, फक्त तिचा दिवस पुढे ढकलते.

युरोपातील कंपन्यांचे अहवाल आंतरराष्ट्रीय मानकांनुसार असतात, आणि तिथे मोजणी वेगळी आहे. व्यवस्थापनाने किमान बारा महिने पाहायचे, पण ते ताळेबंदाच्या तारखेपासून. आपल्या उदाहरणातले कर्ज त्या किमान मुदतीबाहेर दोन महिन्यांनी पडते. नियम ‘किमान’ म्हणतो, म्हणून त्याच्या पलीकडचे दिसत असताना डोळे मिटता येत नाहीत, पण एकच कंपनी दोन पद्धतींत लिहिली तर टिपांचा सूर वेगळा लागू शकतो. तिथे शंकेऐवजी `material uncertainty` हे शब्द शोधावे लागतात. आणखी एक फरक असा की, वर्षअखेरीनंतर व्यवस्थापनाने कंपनी बंद करण्याचे ठरवले, तर त्या मानकांत ही घटना केवळ टिपेत लिहून भागत नाही. चालू संस्थेचे गृहीतकच सोडावे लागते.

शेवटी एक साधी तपासणी अशी आहे. फॉर्म १०-केच्या मुखपृष्ठावर अलीकडच्या तारखेची एकूण भागसंख्या छापलेली असते. ताळेबंदात ३१ डिसेंबरला ५ कोटी भाग असतील आणि मुखपृष्ठावर ७ कोटी, तर दोन कोटी नवे भाग मधल्या दिवसांत जारी झाले आहेत. घटनांच्या टिपेत त्याची ओळ सापडलीच पाहिजे. सापडल्यावर आलेल्या रकमेला विकलेल्या भागांनी भागावे. ३ कोटी डॉलर भागिले २ कोटी भाग म्हणजे दीड डॉलर. हा भाव त्या सुमाराच्या बाजारभावाच्या किती खाली आहे, यावरून पैसे किती निकडीने उभे केले गेले, हे दिसते.