खुफूच्या पिरॅमिडचे दगड वर कसे गेले असतील?

गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजासाठी इ.स.पू. २५६०च्या सुमारास उभा राहिला. त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत आणि एकेकाचं सरासरी वजन अडीच टनांच्या आसपास धरलं जातं. त्या काळी इजिप्तमध्ये लोखंडाची अवजारं नव्हती, कप्पीही नव्हती. तरीही दगड कापणं आणि वाहून नेणं या दोन टप्प्यांबद्दल आज बरंच ठामपणे बोलता येतं. खरा वाद आहे तो दगड वर चढवण्याबद्दल.

पिरॅमिडच्या गाभ्याचा दगड लांबून आणलेला नाही. दक्षिणेला काहीशे मीटरवर त्याची खाण आहे. तिथली चुनखडी थराथरांची असल्यामुळे पाथरवट तांब्याच्या छिन्नीने ठोकळ्याभोवती चर खोदत आणि मग तळाच्या मऊ थरातून तो सोडवून घेत. तांब्याची धार लवकर बोथट होते, म्हणून छिन्न्या सतत नव्याने धार लावून द्याव्या लागत. ग्रॅनाइटपुढे मात्र तांबं हरतं. त्यासाठी डोलेराइट या फार कठीण दगडाचे गोटे हातात धरून दगड ठेचून ठेचून झिजवत. कापायचं असेल तेव्हा तांब्याच्या पात्याखाली वाळू घालत, म्हणजे कापण्याचं खरं काम वाळूचे कण करत. खुफूच्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर करवतीच्या त्या खुणा अजून दिसतात.

बाहेरच्या आवरणाची पांढरी चुनखडी नाईलपलीकडच्या तुरा इथून यायची. ही वाहतूक कशी चाले हे २०१३मध्ये लाल समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फला सापडलेल्या पपायरसांमुळे कळलं. मेरेर नावाच्या मुकादमाने आपल्या टोळीच्या कामाची रोजची नोंद त्यात ठेवली आहे: तुराला दगड भरले, नावेने गिझाकडे निघालो, वाटेत मुक्काम केला. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा होत. प्रत्यक्ष बांधकाम चालू असताना त्यावर राबणाऱ्या माणसाच्या हातची नोंद मिळावी, याहून मोलाचा पुरावा मला तरी सुचत नाही.

जमिनीवर दगड लाकडी स्लेजवरून, म्हणजे बिनचाकाच्या घसरगाडीवरून, ओढत. कोरड्या वाळूत स्लेजपुढे वाळूचा ढीग साचतो आणि ओढणं अवघड होतं. जेहुतिहोतेप या इजिप्तच्या एका प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात प्रचंड पुतळा ओढला जात असताना स्लेजपुढे एक माणूस पाणी ओतताना दिसतो. ते चित्र खुफूच्या काळानंतर काही शतकांनी काढलेलं आहे. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये प्रयोग करून दाखवलं, की वाळू नेमकी ओली असेल तर ओढायला लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. पाणी जास्त झालं की मात्र हा फायदा जातो.

आता चढण. दहा मीटरला एक मीटर चढणारा सरळ भराव १४६ मीटरच्या शिखरापर्यंत न्यायचा, तर तो जवळजवळ दीड किलोमीटर लांब होतो. म्हणजे खाणीच्याही पार पलीकडे जातो. असा भराव घातला गेला असेल हे पटत नाही. पण पिरॅमिडच्या आकाराने हे कोडं बरंच हलकं केलं आहे. निम्म्या उंचीपर्यंत त्याचा सात-अष्टमांश भाग बांधून संपतो. त्यामुळे बहुतेक दगडांना बेताच्या उंचीचा भराव पुरला असेल. त्याच्या वर भिंतींना बिलगून फिरणारा अरुंद चढ किंवा पायरीपायरीने तरफा, असं काहीतरी वापरलं असावं.

अडीच टनांच्या दगडाला अशा चढावर घर्षण धरून साधारण एक टनाचा जोर लागेल. त्याला तीसेक माणसं पुरतात. अडचण येते ती पिरॅमिडच्या आतल्या राजाच्या दालनावरच्या ग्रॅनाइटच्या तुळयांपाशी. आस्वानहून सुमारे ८०० किलोमीटर नदीने आणलेल्या या तुळयांपैकी सर्वांत जड काहींचं वजन ५० टनांहून अधिक मानलं जातं. त्याच हिशेबाने ५० टनांना सहाशे माणसं लागतील, आणि एवढी माणसं चढावर एका रांगेत मावणार कुठे?

इजिप्तमधल्याच हतनूब इथल्या अलाबास्टरच्या खाणीत २०१८मध्ये याचं एक संभाव्य उत्तर समोर आलं. खुफूच्याच काळातला तो चढ बराच उभा आहे, दोन्ही बाजूंना पायऱ्या आहेत आणि खांब रोवण्याची भोकं आहेत. दोर खांबाला वळसा घालून नेला, तर काही माणसांना खाली उतरता उतरता ओढता येतं, आणि मध्ये थांबलं तरी भार मागे घसरत नाही. घर्षणात थोडा जोर वाया जातो खरा, पण माणसं पायऱ्यांवर वर-खाली पसरून उभी राहू शकतात. गिझात हीच पद्धत होती असं यावरून सिद्ध होत नाही. ती त्या काळी माहीत होती, एवढं मात्र नक्की.

गिझातले मोठे भराव काम संपल्यावर काढून टाकले गेले. दक्षिणेकडची खाण दगडाच्या कपच्या, माती आणि जिप्समच्या राडारोड्याने भरलेली सापडली. तो राडारोडा बहुधा त्याच भरावांचा आहे.