मुलांच्या शिक्षणाची बचत: बारा टक्क्यांच्या काळापासून आजपर्यंत

मुलाच्या उच्च शिक्षणासाठी जन्मापासून पैसे साठवायचे, ही महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गात तशी अलीकडची सवय आहे. १९८३ च्या आधी इंजिनिअरिंगची महाविद्यालयं मोजकी होती, बहुतेक सरकारी किंवा अनुदानित, आणि फी इतकी कमी की ती पगारातूनच भरली जायची. खरी चिंता मार्कांची असे. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी संस्थांना परवानगी दिली. जागा वाढल्या, डोनेशन भरून कर्नाटकात जाणारी मुलं राज्यातच शिकू लागली. पण शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून घराच्या खिशावर आला. डोनेशनला आळा घालणारा कायदा राज्याने १९८७ साली केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर कमी फीची ‘फ्री सीट’ आणि जादा फीची ‘पेमेंट सीट’ हे शब्द प्रत्येक बारावीच्या घरात पोचले. मुलाला दोन-चार मार्क कमी पडले तर किती पैसे लागतील, हा प्रश्न तेव्हापासून आई-बाप आधीच विचारू लागले.

योगायोग असा, की याच काळात सरकारी बचत योजनांचा व्याजदर आजवरच्या सर्वांत वरच्या पातळीवर होता. पीपीएफवर १९८६ पासून १२ टक्के मिळत होते. १९८८ मध्ये आलेलं किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट करून देत होतं. पोस्टाची एजंट बाई महिन्याच्या महिन्याला घरी येऊन आवर्ती ठेवीचा हप्ता नेई. ‘महिना हजार टाका, पंधरा वर्षांनी पाच लाख’ हे वाक्य त्या पिढीने मनात पक्कं धरलं. हिशेब चुकीचा नव्हता. वर्षाला १२,००० रुपये, दर एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरलेले, १२ टक्क्यांनी पंधरा वर्षांत खरंच ५ लाखांच्या थोडे वर जातात.

अडचण अशी, की पीपीएफचा दर खातं उघडताना कायम होत नाही. सरकारने दर बदलला की तो नव्या हप्त्यांबरोबरच आधीच्या संपूर्ण शिलकीलाही लागू होतो. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचं तसं नाही, तिथे घेतलेल्या दिवशीचा दर मुदतीपर्यंत टिकतो. हा फरक फार थोड्या घरांनी तेव्हा लक्षात घेतला, आणि त्याचा फटका नेमका शिक्षणाच्या पैशाला बसला. जानेवारी २००० मध्ये पीपीएफ ११ टक्क्यांवर आला, २००१ मध्ये साडेनऊ, २००२ मध्ये ९ आणि मार्च २००३ पासून ८.

एक खातं प्रत्यक्ष चालवून पाहू. १९९५-९६ साली घरात मूल आलं आणि वडिलांनी वर्षाला १२,००० भरायला सुरुवात केली. पहिली चार वर्षं १२ टक्के मिळाले, पण तेव्हा शिल्लकच लहान होती. शिल्लक दीड लाखाच्या पुढे गेली आणि व्याजावर व्याज जोर धरू लागलं, तेव्हा दर ८ वर होता आणि पुढची सात वर्षं तिथेच राहिला. पंधरा हप्ते पूर्ण झाल्यावर, मार्च २०१० अखेर, खात्यात साधारण ३ लाख ८३ हजार होते. अपेक्षेपेक्षा जवळजवळ सव्वा लाख कमी, तेही एकही हप्ता न चुकवता. चक्रवाढीत शेवटच्या वर्षांचा दर पहिल्या वर्षांच्या दरापेक्षा कितीतरी जास्त मोलाचा असतो.

मात्र जुन्या १२ टक्क्यांबद्दल हळहळण्यात फारसा अर्थ नाही असं माझं मत आहे. १९९१-९२ आणि १९९८-९९ या वर्षांत किरकोळ महागाईच १३ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे त्या वर्षांत पैसा प्रत्यक्षात वाढलाच नाही. उलट २००३ ते २००५ या काळात दर ८ आणि महागाई ४ च्या जवळ, म्हणजे बचत करणाऱ्याच्या हाती खरं काही पडत होतं. नंतर २००९-१० मध्ये महागाई पुन्हा १२ च्या वर गेली आणि दर मात्र ८ वरच राहिला. पासबुकावरचा टक्का एकटा काहीच सांगत नाही.

त्यातही फीची महागाई निराळीच. भाजीचे भाव दर हंगामाला हलतात. फी अनेक वर्षं स्थिर राहते आणि मग एकदम उडी घेते. आयआयटीचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. पदवीची वार्षिक शिकवणी फी २०१२ पर्यंत ५०,००० रुपये होती. २०१३ मध्ये ती ९०,००० झाली आणि २०१६ मध्ये २ लाख. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ झाली, एक लाखाखालच्या उत्पन्नाच्या घरांनाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या घरांना दोन तृतीयांश. त्या रेषेच्या जरा वर असलेल्या घरांवर मात्र संपूर्ण बोजा पडला. वरच्या खात्यातले ३ लाख ८३ हजार २०१० साली आयआयटीच्या सात वर्षांच्या फीपेक्षाही जास्त होते. तेच पैसे धाकट्या भावंडासाठी खात्यात ठेवले असते, तर २०१६ पर्यंत व्याजासह सव्वासहा लाख झाले असते, आणि तेवढ्यात जेमतेम तीन वर्षांची फी भागली असती.

म्हणून शिल्लक लाखांत मोजण्यापेक्षा वर्षांत मोजावी. ज्या प्रकारच्या महाविद्यालयाचा विचार आहे त्याची चालू वर्षाची फी दर एप्रिलला पाहायची, तीत वसतिगृह आणि मेस धरायची, आणि खात्यातली शिल्लक तिने भागायची. आज किती वर्षांचं शिक्षण या पैशात होतं, तो आकडा निघतो. महाराष्ट्रात खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, पण बाहेरची खोली आणि डबा त्याच्या कक्षेत येत नाही. हा भागाकार सलग दोन वर्षं पुढे सरकला नाही, तर हप्ता अपुरा आहे हे मूल सातवीत असतानाच कळतं.

हप्ता कायम ठेवण्याची सवय हीच जुन्या पद्धतीची सर्वांत कमकुवत बाजू होती. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. त्या दराने वर्षाला १२,००० पंधरा वर्षं भरले तर सव्वातीन लाख होतात. पगार वाढतो तसा हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवला तर ६ लाख ११ हजार. पंधराव्या वर्षी महिन्याला ३,८०० रुपये भरावे लागतात, आणि या जादा रकमेचा बराचसा भाग व्याजातून नव्हे, स्वतःच्याच खिशातून येतो.

मुलींसाठी जानेवारी २०१५ मध्ये सुकन्या समृद्धी योजना आली. तिचा दर पीपीएफपेक्षा वरचा राहिला आहे, पण तिचं वेळापत्रक नीट बघावं लागतं. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होतं, मुलीच्या वयाच्या २१ व्या वर्षी नव्हे. तीन वर्षांची असताना खातं उघडलं तर पूर्ण रक्कम चोविसाव्या वर्षी हाती येते. शिक्षणासाठी अठराव्या वर्षी किंवा दहावीनंतर मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या फक्त निम्मे काढता येतात, तेही प्रवेशाची कागदपत्रं दाखवून आणि प्रत्यक्ष फीच्या मर्यादेत. त्यामुळे पदवीची चार वर्षं एकट्या सुकन्याच्या भरवशावर काढता येतीलच असं नाही, उरलेल्या खर्चासाठी दुसरं खातं त्याच दिवशी सुरू करावं लागतं.